लहानूभाऊनं मागितलेलं धुकं

लहानू पराते माह्या गेमिंग पार्लरच्या दारात पहिल्यांदा उभा राह्यला, तेव्हा मले वाटलं वर्गणी मागायले आला. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर गमछा, चपला बाहेर काढून ठेवलेल्या. माह्या पार्लरमध्ये चपला कोणीच काढत नाही. मी सांगून सांगून थकली. हा न सांगता काढून आला, म्हणून मी जरा नरमाईनं विचारलं, काय पाह्यजे.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर एक गिऱ्हाईक ट्रकचा गेम खेळत होतं, तिकडं पाहत राह्यला. बराच वेळ पाह्यलं अन् मंग मले विचारलं, "ताई, यात धुकं येते का?"

मी म्हटलं, "पाऊस येते. धुकं नावालेच आहे, पांढुरकं थोडंसं."

"जाड नाही का येत? जानेवारीतलं?"

माह्या डोक्यात तिडीकच गेली. दोन कॉम्प्युटर बंद पडलेले, इन्व्हर्टर कुरकुर करून राह्यलेला, अन् हा माणूस मले जानेवारीतलं धुकं मागून राह्यला. मी विचारलं, "काहून? काय करता धुक्याचं?" त्यानं सांगितलं. सांगताना एकदाही माह्याकडं पाह्यलं नाही. ऐकल्यावर मी चहा मागवला अन् माह्या जिभेले आवर घातला. मले धनश्री निमजे म्हणतात, अन् माह्या जिभेले आवर घालणं ही सोपी गोष्ट नाही, नागपुरात आमच्या पाचपावलीत कोणालेही विचारा.

लहानूभाऊ मूळचा उमरेडचा. घरी हातमाग. बाप खड्ड्यात पाय सोडून धोतरं विणायचा, लहानू सुताच्या कांड्या भरायचा. माग बंद पडले तसा तो एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढला, अन् क्लीनरचा ड्रायव्हर झाला. कळमेश्वरच्या कारखान्यांतला माल घेऊन उत्तरेकडं जायचा. पिणं नाही, शर्यत नाही, निघायच्या आधी प्रत्येक टायर ठोकून पाहणार. मालक लोक म्हणत, लहानूची गाडी म्हणजे घरचीच गाडी. म्हणूनच त्याच्या गल्लीतल्या मैनाबाईनं आपला एकुलता एक पोरगा, अंकुश, त्याच्या हाती दिला. नवरा गेलेला, माग विकलेला, पोराले काही हुन्नर पाह्यजे होता. तिनं त्याले म्हटलं होतं, "तुह्या गाडीवर देते म्हून देते, दुसऱ्याच्या नसती देल्ली."

काही वर्षांआधी जानेवारीतल्या एका पहाटे दाट धुक्यात रस्त्यावर एक बंद पडलेला ट्रेलर उभा होता. दिवे नाही, मागे इशाऱ्याले झाडाची फांदी नाही, दगड नाही. लहानूभाऊनं स्टेअरिंग उजवीकडं मारलं. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसते अन् क्लीनर डावीकडं. गाडी उजवीकडं सरकली, पण पुरी नाही सरकली, अन् केबिनची डावी बाजू ट्रेलरच्या कोपऱ्यात घुसली. लहानूभाऊले खरचटलं. अंकुश जागीच गेला.

कोर्टानं लहानूभाऊले सोडलं, चूक ट्रेलरवाल्याची ठरली. पण मैनाबाई कोर्टात नव्हती. तिनं तेराव्या दिवशी त्याले एकच विचारलं होतं. "लहानू, ते तुले आधी दिसलं का? दिसून, पाह्यून, तू आपली बाजू वाचवली का?"

हायवेवर हे सगळ्यांले माहीत असते, कोणी बोलत नाही. हात आपली बाजू वाचवायलेच वळते. पण हात आपोआप वळला, की पाहून, समजून वळवला, यात फरक आहे. ट्रेलर अगदी नाकापुढं दिसला असेल तं हात बिचारा काय करणार. लांबून दिसला असेल तं मात्र तो हात लहानूचा होता. त्यानं मैनाबाईले सांगितलं होतं, "काकू, मले आठवत नाही." ते खरंही होतं. धडकेच्या आधीचे ते दोन क्षण त्याच्या डोक्यातून पुसूनच गेले होते. मैनाबाईनं पुन्हा कधी विचारलं नाही. नळावर समोर आली की पाहायची, बस. त्यानं ड्रायव्हरी सोडली अन् माह्या पार्लरच्या खाली साड्यांच्या गोदामात गठ्ठे उचलायले लागला. तिथून जिन्यावरून त्याले माह्या पडद्यावरचा ट्रक दिसला होता.

"मले फक्त पाहाचं आहे," तो म्हणाला, "तेवढ्या धुक्यात उभी गाडी कितीवरून दिसते."

मी म्हटलं, "भाऊ, हा गेम आहे. यानं काही सिद्ध नाही होत."

"मले कोर्टात नाही जायचं, ताई."

मी म्हटलं, सकाळी या, गिऱ्हाईक नसते तेव्हा.

गेमच्या आत हात घालून धुकं वाढवणं माह्याच्यानं होणार नव्हतं. पण रीशेड नावाचं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे. ते गेमच्या अन् पडद्याच्या मधात बसते, अन् गेमनं चित्र काढून झालं की पडद्यावर यायच्या आधी त्या चित्रावर आपला हात फिरवते. रंग गडद कर, उजेड पसरव, धुकं घाल. त्या एकेका हाताले शेडर म्हणतात, अन् कोणते शेडर किती लावायचे ते जपून ठेवलेल्या फाइलले प्रीसेट. मी इन्स्टॉलर चालवला, गेमची मुख्य फाइल दाखवली, गेम ज्या पद्धतीनं चित्र काढतो ती, डायरेक्टएक्स अकरा, निवडली, शेडरचे गठ्ठे उतरवून घेतले. गेम सुरू केला, वर रीशेडची पट्टी आली, होम बटण दाबून मेनू उघडला अन् धुक्याच्या शेडरवर खूण केली.

काहीच झालं नाही. धुकं कमी-जास्त करायची पट्टी ओढून ओढून टोकाले नेली, तरी आभाळ निळं ते निळंच. लहानूभाऊ माह्या मागे स्टुलावर बसला होता, हात मांडीवर. मी त्याले समजावलं, म्हणजे खरं तं स्वतःलेच समजावलं. धुक्याले कळलं पाह्यजे की काय जवळ आहे अन् काय लांब. गेम चित्र काढताना प्रत्येक ठिपक्याचं अंतर एका वेगळ्या जागी लिहून ठेवते, त्याले डेप्थ बफर म्हणतात. ते अंतर डोळ्यानं पाहायलेही एक शेडर आहे. त्यात जवळचं काळं दिसते, लांबचं पांढरं, मधातलं राखाडी. मी तो लावला. पडदा अमावास्येसारखा काळा.

"म्हणजे त्याले सगळं जवळच वाटून राह्यलं," लहानूभाऊ म्हणाला.

"हो. म्हणून धुकं कुठंच नाही."

पहिलं कारण मले ठाऊक होतं. गेममध्ये वस्तूंच्या कडा मऊ करणारी सेटिंग चालू होती, अन् तसली सेटिंग असली की रीशेडले बरेचदा ते अंतर वाचता येत नाही. ती बंद केली, गेम पुन्हा चालू केला. तरी काळंच. मंग रीशेडच्या ॲड-ऑनच्या पानावर जाऊन डेप्थ बफरची यादी पाह्यली. एक नाही, चार-पाच निघाले. ट्रकच्या आरशांत जे मागचं दिसते, ते गेम वेगळं काढते अन् त्याचं अंतरही वेगळं ठेवते. रीशेडनं नेमका एका आरशाचा बफर धरला होता. मी यादीत पडद्याएवढ्या मापाचा, अन् ज्यात सगळ्यात जास्त काम होऊन राह्यलं होतं, तो बफर निवडला. काळोखातून रस्ता उगवून आला. स्टेअरिंग काळं, बोनेट काळसर, खांब राखाडी, टेकडी पांढरी. धुक्याच्या शेडरवर पुन्हा खूण केली, अन् टेकडी गेली, मंग झाडं गेली, मंग खांब एकेक करून विरले.

मी वळून पाह्यलं. लहानूभाऊ स्टुलाची कड घट्ट धरून बसला होता. मले वाटलं होतं शाबासकी देईल. मले माह्याच डोक्याची लाज वाटली.

किती दाट, हे त्यानं ठरवलं. त्या पहाटे शेवटच्या चहाले थांबले होते तिथून दुसरा खांब दिसत होता, तिसरा नव्हता, एवढं त्याले पक्कं आठवत होतं. गेममधले खांब जवळजवळ, म्हणून त्यानं गाडीच्या लांबीनं अंतर मोजून एक खांब धरला. हा दिसला पाह्यजे, याच्या पुढचा नाही. मी पट्टी कमी-जास्त करत गेली. "बस," तो म्हणाला, "आता हात नको लावू."

मी म्हटलं, "चला, ट्रेलर उभा करून पाहू."

"नाही. ते काकूसमोर. मी आधी एकट्यानं पाह्यलं तं तिच्यासमोर खोटं बोलीन."

मले राग आला. वाटलं, म्हातारीले कशाले ओढता यात. पण माणूस पक्का होता, अन् बरोबर होता.

तो मैनाबाईले घेऊन यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी मी एक शहाणपणा केला. गेमचं आभाळ फार तरतरीत, युरोपातलं, आपल्या पहाटेसारखं नाही. मी इंटरनेटवरून एक फिक्या, राखी रंगाचा प्रीसेट उतरवला, त्यात लहानूभाऊनं ठरवलेला धुक्याचा आकडा तसाच भरला अन् ठेवून दिला. चालवून पाह्यला नाही. जी पोरगी गिऱ्हाइकांले दहादा सांगते की नवीन प्रीसेट टाकला की आधी डेप्थ तपासा, तिनंच नाही तपासलं.

मैनाबाई जिना चढून आली, बसली, पडद्याकडं पाहत राह्यली. लहान चणीची बाई, केस पुरे पांढरे, डोळ्यांत फूल पडलेलं, लांबचं नीट दिसत नव्हतं. तिनं मले विचारलं, "हे चालवते कोन वं, तू का लहानू?"

"लहानूभाऊ, काकू."

त्यानं स्टेअरिंग हाती घेतलं. डाव्या बाजूनं गाड्या चालणारा नकाशा, उजव्या बाजूचं स्टेअरिंग, सगळं आपल्यासारखं लावलं होतं. वाहतूक बंद केली होती. आपलाच ट्रेलर त्यानं रस्त्यात सोडला, पुढं जाऊन फिरून मागे आला, दूरवर थांबला. मी नवा प्रीसेट लावला अन् त्यानं गाडी काढली.

पहिल्याच नजरेत मले कळलं. धुकं उलटं होतं. पार मागची टेकडी स्वच्छ, अन् स्टेअरिंगवर, काचेच्या चौकटीवर, बोनेटवर पांढऱ्याचा थर. गाडी पुढं गेली. ट्रेलर लांबून बारीक दिसत होता, पण जसजसा जवळ आला तसतसा विरत गेला, अन् अगदी पुढ्यात आला तेव्हा नुसतं पांढरं. मंग धडकेचा आवाज.

मैनाबाईले लांबचा ट्रेलर काही दिसला नव्हता. तिले दिसलं ते नुसतं पांढरं. ती पुढं झुकली होती, ती हळूच मागे टेकली. "दिसलंच नाही," ती म्हणाली. "काहीच नाही दिसलं तुले. आवाज झाला तव्हाच समजलं." अन् तिनं लहानूच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

खरं सांगते, मी गप्प बसली. चूक माही, अन् मले ती ठाऊक. म्हातारीचा चेहरा सुटला होता. वाटलं, राहू दे. एका बिघडलेल्या चित्रानं दोन माणसं सुटत असतील तं कोणाचं काय जाते.

लहानूभाऊ पाठीवरचा तो हात हलू न देता बसून राह्यला. मंग म्हणाला, "ताई, हे उलटं आहे."

मी माउसवरचा हात काढून घेतला.

"धुकं काचेच्या बाहेर असते. इथं माह्या हातावर बसलं आहे अन् टेकडी दिसून राह्यली. असं धुकं नसते. सरळ कर."

"भाऊ," मी म्हटलं, "राहू द्या ना."

"सरळ कर, ताई."

मी मेनू उघडला. अंतर पाहायचा शेडर लावला. जवळचं पांढरं, लांबचं काळं, साफ उलटं. याची एक सेटिंग असते, डेप्थ उलटी वाचायची का नाही, एक नाहीतर शून्य. सगळ्या प्रीसेटसाठी जे पान असते त्यावर पाह्यलं तं आकडा बरोबर होता. डोळे पुसून पुन्हा पाह्यलं, बरोबरच. मंग लक्षात आलं, त्याच खिडकीत चालू प्रीसेटचं वेगळं पान असते, अन् त्या पानावरचं वरचढ असते. ज्यानं कोणी तो प्रीसेट बनवला, त्यानं आपल्या गेमसाठी तिथं उलटा आकडा टाकून ठेवला होता, अन् तो प्रीसेटसोबत माह्या घरी आला. मी ती ओळ काढून टाकली. शेडर पुन्हा तयार झाले. टेकडी पांढरी, स्टेअरिंग काळं.

मैनाबाईनं विचारलं, "काय केलं वं?"

मी सांगितलं, "काकू, चूक माही होती. आत्ता दिसलं ते खोटं होतं. आता बरोबर आहे."

तिनं पाठीवरचा हात काढून घेतला.

लहानूभाऊ पुन्हा दूर जाऊन आला. आता केबिन स्वच्छ होती अन् बाहेर सगळं गेलेलं. त्या पहाटेच्या वेगानं गाडी आली. पांढऱ्यात एक चौकोन उमटला, आधी सावलीसारखा, मंग कोपरे दिसले. "दिसला," लहानूभाऊ म्हणाला. त्यानं स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं, काहीच केलं नाही, अन् तोंडानं हळूहळू बोलत गेला. "हॉर्न मारला. ब्रेकवर पाय. उजवीकडं रस्ता मोकळा. डावीकडं कच्चं, शेत." मंग धडक झाली. एवढं बोलून व्हायले वेळ पुरला होता.

मी पट्टीकडं हात नेला. "धुकं जराक कमी पडून राह्यलं असेल, भाऊ. थोडं वाढवते."

त्यानं माहा हात धरला नाही, नुसतं म्हटलं, "धुकं किती ते मी ठरवलं होतं, ताई. तेव्हा मले माहीत नव्हतं काय निघंल." मंग तो मैनाबाईकडं वळला. "काकू, मले दिसलं होतं. आता आठवलं. डावीकडं घातली असती तं गाडी शेतात पलटली असती. कदाचित दोघंही वाचलो असतो, कदाचित मी गेलो असतो. मी उजवीकडं पाह्यलं अन् तिकडं वळवली."

खाली गोदामात कोणीतरी गठ्ठा टाकला, त्याचा आवाज आला. मले वाटलं, मैनाबाई आता उठून त्याले मारते. मी असती तं मारलं असतं.

तिनं पडद्याकडं बोट केलं. "अंकुश कुठं बसला होता?"

"डावीकडं."

"तिथून दाखव."

मी पाहायची जागा डाव्या सीटवर नेली. लहानूभाऊ म्हणाला, "तिथं नाही, ताई. आणखी बाहेर. खिडकीतून मान काढून, खाली." अन् तिले सांगितलं, "धुक्यात क्लीनरचं काम तेच असते, काकू. मान बाहेर काढून रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी पाहाची अन् सांगत राहाचं, पट्टी आहे, पट्टी आहे. मीच त्याले बसवलं होतं तसं."

मी तसं केलं. लहानूभाऊनं पुन्हा एकदा गाडी काढली. आता पडद्यावर फक्त डांबर, एक पांढरी पट्टी अन् तिच्या बाजूचं ओलं गवत, मागे पळणारं. वर सगळं धुकं. पट्टी येत राह्यली, येत राह्यली, अन् आवाज झाला. ट्रेलर दिसलाच नाही.

मैनाबाईनं सांगितलं, "अजून एक बार." त्यानं दाखवलं. तिनं पुन्हा सांगितलं, त्यानं पुन्हा दाखवलं. ती पडद्याच्या इतकी जवळ गेली की काचेवर तिचा श्वास दिसला.

"त्याले दिसलं नाही," ती म्हणाली.

"नाही काकू. तो पट्टी पाहत होता. शेवटपर्यंत सांगत होता."

"मंग भेव नसंन वाटलं त्याले."

"नाही."

तेव्हा लहानूभाऊ रडला. चेहरा गमछ्यात घालून, आवाज न करता. मी उगाच मेनू बंद केला. मैनाबाईनं त्याले हात लावला नाही. साडीचा पदर नीट केला, उभी राह्यली, अन् त्याच्या डोक्यावरून भिंतीकडं पाहत बोलली.

"तुले दिसलं होतं. ते मी माफ नाही करत, लहानू, ते माह्याच्यानं होत नाही. पन मी इतके वर्स रोज रातच्याले पाह्यते, अंकुश ते येताना पाहून ओरडून राह्यला. आज रातच्याले नाही पाहनार."